प्रबंधाची प्रकरणे एकमेकांत गुंतली आहेत का, हे कसे तपासावे

प्रत्येक प्रकरण गाईडनी वेगवेगळे वाचून मान्य केलेले असते. संदर्भ नीट असतात, भाषा स्वच्छ असते, तरीही परीक्षकाच्या अहवालात 'प्रकरणांमध्ये एकसूत्रता आढळत नाही' असे वाक्य येते. विद्यार्थी गोंधळतो, कारण हा दोष कोणत्याच एका पानावर दाखवता येत नाही. तो दोन प्रकरणांच्या मधल्या जागेत असतो.

तो तिथे कसा येतो, हे आपल्याकडच्या पीएचडीची वाटचाल पाहिली की कळते. प्रकरणांची योजना सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे नोंदणीच्या वेळीच ठरते. तेव्हा क्षेत्रकार्य झालेले नसते आणि मुख्य मांडणी अंदाजाने लिहिलेली असते. पुढच्या काही वर्षांत सामग्री हाती येते, मांडणी बदलते, पण प्रकरणांची नावे आणि क्रम तसाच राहतो. मधे एखादे प्रकरण शोधनिबंध म्हणून छापून येते आणि जवळजवळ जसेच्या तसे प्रबंधात बसवले जाते. शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला 'प्रस्तावना' आणि शेवटी 'सारांश' लिहायचा आपला ठरलेला साचा आहे. त्यामुळे प्रकरण आतून बंदिस्त होते. त्याला मागचे काही घ्यावे लागत नाही आणि पुढचे काही द्यावे लागत नाही.

पुढे दिलेली तपासणीची पद्धत सादरीकरणाच्या काही आठवडे आधी स्वतःचा प्रबंध तपासणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे. मार्गदर्शक किंवा परीक्षक म्हणून दुसऱ्याचा प्रबंध वाचणाऱ्यालाही तीच उपयोगी पडते. अडीचशे-तीनशे पानांच्या प्रबंधाला दोन-तीन दिवस लागतात. छापील प्रत घ्या. स्क्रीनवर दोन प्रकरणे शेजारी ठेवून मागे-पुढे जाणे अवघड होते.

आधी कसोटी ठरवा

सुसंगती म्हणजे वाचताना अडखळायला न होणे, असे समजून बहुतेक जण जोडवाक्ये सुधारत बसतात. मी कसोटी वेगळी धरतो : मागच्या प्रकरणात जे सिद्ध झाले त्यामुळे पुढच्या प्रकरणाला काही वेगळे करावे लागले का? ते ओळखायला एक सोपा प्रयोग आहे. लागोपाठची दोन प्रकरणे मनातल्या मनात अदलाबदल करा आणि कोणती वाक्ये बदलावी लागतील ते शोधा. फक्त प्रकरणांचे क्रमांक बदलावे लागत असतील, तर ती दोन प्रकरणे शेजारी आहेत, पण जोडलेली नाहीत. एखादी संकल्पना आधी समजल्याशिवाय पुढचा तक्ता वाचताच येत नसेल, किंवा मागच्या निष्कर्षामुळे पुढचा प्रश्नच बदलला असेल, तर जोड खरी आहे.

पुढचे सगळे एका उदाहरणावर करून दाखवतो. प्रबंध कल्पित आहे, विषय मात्र खरा आहे : 'दुष्काळ, मजुरी आणि हक्क : महाराष्ट्रातील रोजगार हमी योजना, १९६५ ते २००५'. विषयाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात योजनेने राज्यभर आकार घेतला. १९७५ च्या कायद्याने आलेल्या व्यवसाय करातून तिला पैशाचा आधार मिळाला. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ मध्ये देशपातळीवरचा कायदा आला. आपल्या प्रबंधाची सात प्रकरणे : प्रस्तावना, संदर्भ साहित्याचा आढावा, दुष्काळ आणि योजनेचा उगम, कायदा आणि अंमलबजावणी, स्त्री मजूर, दोन तालुक्यांचा क्षेत्र-अभ्यास, निष्कर्ष.

पहिली पायरी : दोन टोके एकत्र वाचा

पहिले प्रकरण वाचा आणि मधले काहीही न वाचता थेट शेवटच्यावर जा. अनेक परीक्षकही असेच वाचतात. प्रस्तावनेतून तीन गोष्टी कागदावर उतरवा : मुख्य प्रश्न, मुख्य दावा आणि 'अमुक प्रकरणात अमुक दाखवले आहे' अशी प्रत्येक हमी, पान क्रमांकासह. मग निष्कर्षाच्या प्रकरणातून मुख्य दावा उतरवा. शक्यतो प्रबंधातल्याच शब्दांत उतरवा, तुम्हाला काय म्हणायचे होते ते लिहू नका.

आपल्या प्रबंधात प्रस्तावना म्हणते, 'रोजगार हमी योजना दुष्काळी मदतीकडून कायदेशीर हक्काकडे गेली, पण हा हक्क मजुराने काम मागण्यावर अवलंबून होता, आणि मागणी करण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नव्हती.' हा चांगला दावा आहे. त्यात एक 'पण' आहे आणि तपासता येईल असे काही आहे. निष्कर्षात मात्र वाचायला मिळते, 'योजनेने ग्रामीण मजुरांना रोजगाराची हमी दिली व स्त्रियांचा सहभाग लक्षणीय राहिला. अंमलबजावणीत काही त्रुटी आढळल्या.' प्रस्तावनेतला 'पण' इथपर्यंत पोचता पोचता 'काही त्रुटी' एवढाच उरला आहे. तो मधे कुठे पातळ झाला, ते शोधणे हे आता आपले काम.

याच वेळी उद्दिष्टांचा हिशेब करा. पहिल्या प्रकरणातली पाच-सहा उद्दिष्टे डावीकडे लिहा, मधे ते उद्दिष्ट जिथे पुरे झाले ते प्रकरण आणि उजवीकडे त्यावरचा निष्कर्ष. एखाद्या उद्दिष्टासमोर प्रकरण आहे पण निष्कर्ष नाही, असे झाले की ते प्रकरण प्रबंधात आले, प्रबंधाच्या मांडणीत नाही. उलटही होते. एखादा निष्कर्ष असा सापडतो की त्याचे उद्दिष्टच पहिल्या प्रकरणात नाही. तो बहुधा क्षेत्रकार्यातून नंतर सुचलेला आणि प्रबंधातला सगळ्यात जिवंत मुद्दा असतो. तो काढू नका, पहिल्या प्रकरणात त्याला जागा करून द्या.

दुसरी पायरी : एका प्रकरणाचे एक वाक्य

आता प्रत्येक प्रकरण वाचा आणि त्याचा दावा एका वाक्यात लिहा. वाक्यात क्रियापद असले पाहिजे आणि त्यावर कुणी 'असे नाही' म्हणू शकला पाहिजे. 'कायदा आणि अंमलबजावणी यांचा अभ्यास' हे शीर्षक आहे, दावा नव्हे. 'कायद्याने राज्यावर काम देण्याची जबाबदारी टाकली, पण ती मागणी नोंदवण्याशी बांधली' हा दावा.

संदर्भ साहित्याच्या प्रकरणासाठी हे वाक्य सापडत नाही आणि 'विविध अभ्यासकांची मते मांडली' असे लिहावेसे वाटते. तिथेच थांबा. या प्रकरणाचाही दावा असतो : आतापर्यंतच्या अभ्यासांनी काय दाखवले, कोणता प्रश्न सोडला आणि म्हणून हा प्रबंध कुठून सुरू होतो. तो दावा नसेल, तर प्रबंधातली पहिली फट इथेच पडली आहे. पुढचे कोणतेच प्रकरण या आढाव्याचा उपयोग करणार नाही.

सात वाक्ये एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक दोन वाक्यांच्या मधे एकच शब्द टाका : 'म्हणून', 'पण', 'तरीही' किंवा 'शिवाय'. सवयीने टाकू नका, वाक्ये वाचून जो खरोखर बसतो तोच टाका. आपल्या प्रबंधाची साखळी अशी निघते :

तिसरे : दुष्काळात सुरू झालेली मदतकामे राजकीय दबावामुळे कायमच्या आश्वासनात बदलली. *म्हणून* चौथे : त्या आश्वासनाला कर आणि कायदा यांचा पाया मिळाला, पण काम मागणीशी बांधले गेले. *शिवाय* पाचवे : कामांवर स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. *शिवाय* सहावे : दोन तालुक्यांत अंमलबजावणी वेगवेगळी झाली.

तिसऱ्या-चौथ्यामधला सांधा पक्का आहे. चौथ्यानंतर मात्र दोनदा 'शिवाय' येतो. म्हणजे तिथून पुढे मांडणीची यादी झाली. 'शिवाय' असणे हा गुन्हा नाही. दोन प्रकरणे एकाच दाव्याचे दोन पुरावे असू शकतात. पण मग त्या दोघांच्या वर तो एक दावा लिहिलेला हवा आणि त्या दोघांनी मिळून काय सिद्ध केले, ते कुठेतरी सांगितलेले हवे. आपल्या प्रबंधात ते नाही.

हे काम स्वतःच्या प्रबंधावर करताना एक धोका आहे. तुम्हाला विषय इतका माहीत असतो की पानावर नसलेली जोड मनात आपोआप भरली जाते. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे तो दावा जिथे लिहिला आहे त्या पानाचा क्रमांक टाका. क्रमांक टाकता येत नसेल, तर दावा तुमच्या डोक्यात आहे, प्रबंधात नाही.

तिसरी पायरी : धागे पकडा आणि प्रकरणागणिक पाहा

प्रस्तावनेतल्या दाव्यातून तीन किंवा चार धागे निवडा. जास्त निवडले तर सगळेच सगळीकडे आहे असे वाटू लागते. आपल्या प्रबंधाचे धागे तीन : मदत विरुद्ध हक्क, मागणी करण्याची ताकद, आणि स्त्रियांचे श्रम. आडव्या ओळीत प्रकरणे, उभ्या रकान्यात धागे असा तक्ता काढा. घरात 'आहे' किंवा 'नाही' लिहून भागत नाही. धागा तिथे काय *करतो* ते एका शब्दात लिहा : मांडला, व्याख्या केली, तपासला, गुंतागुंत दाखवली, सोडवला. एकाच धाग्यापुढे तीन प्रकरणांत 'मांडला' आले, तर तीच गोष्ट तीनदा सांगितली गेली आहे. विद्यार्थ्यांना वाटते की पुन्हा पुन्हा उल्लेख केल्याने एकसूत्रता येते. परीक्षकाला ती पुनरुक्ती वाटते, आणि त्याचे बरोबर असते. धागा पुन्हा आला की त्याच्यावर आधीपेक्षा काहीतरी जास्तीचे ओझे असले पाहिजे.

धागा प्रत्येक प्रकरणात दिसलाच पाहिजे, असे मुळीच नाही. तिसऱ्या प्रकरणात स्त्रियांचे श्रम फारसे आले नाहीत तरी चालेल. दोन प्रकरणे गायब राहून धागा परत येतो तेव्हा मात्र वाचकाला त्याची आठवण करून द्यावी लागते, एका वाक्यात का होईना.

सगळ्यात जास्त वेळ मुख्य संज्ञेला द्या. आपल्या प्रबंधात ती संज्ञा 'हमी' आहे. पहिल्या प्रकरणात हमी म्हणजे कायदेशीर हक्क. तिसऱ्यात ती राजकीय आश्वासन आहे. चौथ्यात, व्यवसाय कराच्या चर्चेत, ती निधीची खात्री झाली आहे. सहाव्यात मजुरांच्या मुलाखती आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात हमी म्हणजे गावाजवळ चालू असलेले काम. चारही अर्थ खरे आहेत. किंबहुना आश्वासन, पैसा, कायदा आणि प्रत्यक्ष काम यांच्यात अंतर होते, हाच या प्रबंधाचा खरा शोध आहे. पण लेखकाने अर्थ बदलतोय हे कुठेच म्हटले नाही. मग निष्कर्षात 'योजनेने हमी दिली' हे वाक्य येते आणि कोणत्या अर्थाने दिली, ते कळत नाही. १९८८ मध्ये योजनेवरची मजुरी मोठ्या प्रमाणात वाढली आणि त्यानंतर कामे मागणीच्या मानाने अपुरी पडली, ही या विषयावरच्या अभ्यासांत चर्चिली गेलेली गोष्ट आपल्या सहाव्या प्रकरणात आहे. म्हणजे कायद्यातली हमी तशीच होती आणि चौथ्या अर्थाची हमी आक्रसली. निष्कर्षाने नेमके हेच म्हणायला हवे होते. प्रस्तावनेतला 'पण' पातळ झाला तो इथे.

संज्ञा शोधण्यासाठी Ctrl+F वापरायचे, पण मराठीत त्यात काही खड्डे आहेत. 'मजूर' असे शोधले तर 'मजुरांनी', 'मजुराला' सापडत नाही, कारण सामान्यरूपात ऊकार ऱ्हस्व होतो. 'मागणी' शोधून 'मागण्या' मिळत नाहीत. म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग शोधा : 'मज', 'माग'. अवांतर शब्दही येतील, ते डोळ्याने वगळा. 'शेतकऱ्यांनी' यातला 'ऱ्य' दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकित होतो. दिसायला सारखा, पण संगणकाच्या दृष्टीने वेगळा. म्हणून 'शेतक' एवढेच शोधा. आणि काही प्रकरणे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकित झाली असतील, तर त्या पानांवर युनिकोडमधला शोध काहीच दाखवणार नाही. तिथे शून्य आले म्हणजे संज्ञा नाही, असे समजू नका.

प्रत्येक ठिकाणी संज्ञेऐवजी तिची पहिल्या प्रकरणातली व्याख्या ठेवून वाक्य वाचा. वाक्य बसले तर अर्थ टिकला. बसले नाही तर समासात खूण करा. अशा खुणा शेवटच्या दोन प्रकरणांत दाट झाल्या, तर व्याख्याच पुन्हा लिहावी लागेल. आपल्या प्रबंधात तेच करावे लागेल : 'हमी'चे चार थर पहिल्या प्रकरणातच उघड मांडायचे आणि प्रत्येक प्रकरणाने कोणता थर तपासला ते सांगायचे.

छापून आलेले प्रकरण ओळखणे

पाचवे प्रकरण आधी शोधनिबंध होते, हे सांगावे लागत नाही. त्यात योजनेचा इतिहास पुन्हा चार पानांत येतो. त्याला स्वतःचा छोटा साहित्य-आढावा आहे. कालखंड १९७९ ते १९९० असा आहे, प्रबंधाचा मात्र १९६५ ते २००५. आणि पहिल्या प्रकरणात ठरलेल्या संज्ञांऐवजी त्यात वेगळ्या संज्ञा आहेत, 'मागणी'च्या जागी 'सहभाग'. हा शेवटचा फरक सगळ्यात घातक आहे. स्त्रिया कामावर होत्या, हा सहभाग झाला. काम काढा, अमुक ठिकाणी काढा, मजुरी वेळेवर द्या असे त्या म्हणू शकत होत्या का, ही मागणी झाली. प्रबंधाचा दावा दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे आणि प्रकरण पहिल्या गोष्टीचा पुरावा देते.

इतिहासाची चार पाने कापून तिथे चौथ्या प्रकरणाकडे बोट दाखवणारे एक वाक्य ठेवणे सोपे आहे. वेगळा कालखंड का घेतला, त्याचे कारणही एका परिच्छेदात देता येते. पण 'सहभाग' पुसून 'मागणी' लिहिणे ही दुरुस्ती नव्हे. आधी पाहायला हवे की हाताशी असलेली सामग्री मागणीबद्दल काही सांगते का. सांगत नसेल, तर प्रकरणाने मान्य करावे की आपण उपस्थिती मोजू शकतो, आवाज नाही, आणि तो प्रश्न सहाव्या प्रकरणातल्या मुलाखतींकडे सोपवावा. असे केले की पाचव्या-सहाव्यातला 'शिवाय' जाऊन तिथे 'म्हणून' येतो, आणि तो खरा असतो.

चौथी पायरी : सांधे वाचा

आता प्रत्येक प्रकरणाची शेवटची दोन पाने आणि पुढच्याची पहिली दोन पाने सलग वाचा, मधले सोडून. इथे दिशादर्शक वाक्ये असतात : मागे काय झाले, आता कुठे आहोत, पुढे काय आणि का. शेवटचा 'का' बहुतेक ठिकाणी गळालेला असतो. आपल्या प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणाची सुरुवात पाहा :

'मागील प्रकरणात रोजगार हमी कायद्याची माहिती घेतली. प्रस्तुत प्रकरणात स्त्री मजुरांच्या स्थितीचा अभ्यास करण्यात आला आहे.'

दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही विषय सांगतात. कायद्यानंतर स्त्रियाच का, याचे उत्तर त्यात नाही. हेच असे लिहिता येते :

'कायद्याने काम मागणीशी बांधले, हे चौथ्या प्रकरणात दिसले. मग मागणी कोण करू शकत होते, हा प्रश्न उरतो. कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यात आधी त्यांच्याबाबत विचारला पाहिजे. या प्रकरणात उपस्थितीच्या नोंदींवरून जितके सांगता येते तितके पाहू. मागणीच्या नोंदी जिथे अपुऱ्या पडतात तिथून सहावे प्रकरण सुरू होते.'

इथे मागच्या प्रकरणाचा निष्कर्ष आला, विषय नव्हे. त्यातून उरलेला प्रश्न आला, आणि या प्रकरणाची मर्यादाही आली. कोणताही सांधा तपासताना मी याच तीन गोष्टी शोधतो.

दिशादर्शक वाक्ये कमी पडतात तशी जास्तही होतात. प्रत्येक उपविभागाच्या आधी 'आता आपण पाहू' आणि नंतर 'आपण पाहिले' असेल, तर ती पेन्सिलीने खोडून वाचा. मांडणी तशीच समजत असेल, तर निम्मी वाक्ये कायमची काढा. समजत नसेल, तर भार वाक्यांवर आहे, क्रमावर नाही, आणि आणखी वाक्ये घालून तो सुटणार नाही. माझ्या मते प्रकरणाच्या सुरुवातीला अर्धे ते एक पान आणि मोठ्या वळणाला एक वाक्य पुरते. शेवटच्या सारांशात उपविभागांची यादी पुन्हा देऊ नये. तिथे फक्त काय सिद्ध झाले आणि काय उरले, एवढेच लिहावे.

मग मागे-पुढे बोट दाखवणारे प्रत्येक वाक्य तपासा. 'प्रकरण ३ मध्ये पाहिल्याप्रमाणे' असे आले की तिसऱ्या प्रकरणात जाऊन ते पान काढा. तिथे ते खरोखर पाहिले आहे का? तितक्याच ठामपणे? कधी कधी तिसऱ्यात 'असे दिसते' असते आणि सहाव्यात तेच 'सिद्ध केले' होते. पहिल्या पायरीत प्रस्तावनेतल्या हमींची यादी केली होती, तीही आता फेडून टाका. आपल्या प्रबंधात पहिले प्रकरण म्हणते, 'सहाव्या प्रकरणात दोन तालुक्यांची तुलना केली आहे.' सहाव्यात आधी एका तालुक्याचे वर्णन आहे, मग दुसऱ्याचे, आणि प्रकरण संपते. तुलना नाही. ती करायला एक तक्ता आणि चार पाने लागतील : मजुरांची संघटना कुठे होती, काम मागितल्यावर किती दिवसांत सुरू झाले, १९८८ नंतर कुठे काय बदलले. याच चार पानांत 'मागणी करण्याची ताकद' हा धागा सोडवला जाईल. संपूर्ण प्रबंधाचा भार ज्या पानांवर यायला हवा, तीच लिहायची राहिली आहेत. असे फार वेळा होते, कारण सहावे प्रकरण मुदत जवळ आल्यावर लिहिले जाते.

स्वतःचे सांधे स्वतःला पुरेसे दिसत नाहीत. चौथ्या प्रकरणाची शेवटची दोन पाने विषय न जाणणाऱ्या पण वाचायची सवय असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला द्या आणि एकच विचारा : पुढच्या प्रकरणात काय असेल असे तुम्हाला वाटते? 'कसे वाटले' असे विचारू नका, 'छान आहे' एवढेच उत्तर मिळेल. त्यांचा अंदाज पाचव्या प्रकरणाच्या प्रश्नाजवळ आला, तर सांधा धरतो.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने

दिशादर्शक वाक्ये शेवटी लिहायची. दावे विसंगत असताना त्यांच्यावर गुळगुळीत जोडवाक्य घातले की फट झाकली जाते, आणि परीक्षक नेमका तिथेच थांबतो, कारण वाक्य एक सांगते आणि प्रकरण दुसरे. आधी प्रस्तावना आणि निष्कर्ष यांचे दावे जुळवा. आपल्या प्रबंधात निष्कर्ष दुबळा आहे, म्हणून तो सहाव्या प्रकरणाच्या पुराव्यावर नव्याने लिहायचा. मग क्रम पाहायचा. 'मागणी' हाच कणा असल्यामुळे पाचवे-सहावे याच क्रमाने राहतील, पण सहाव्यात तुलनेची पाने येतील. त्यानंतर 'हमी' आणि 'मागणी' या संज्ञा सर्वत्र सारख्या करायच्या. त्यानंतर सांध्यांवरची पाने.

मार्गदर्शक म्हणून हे कळवताना दोष किती खोल आहे ते वेगळे सांगावे. सांध्यावर 'का' नसणे हे एका दुपारचे काम आहे. संज्ञा सरकणे हे काही दिवसांचे. निष्कर्षाने प्रस्तावनेला उत्तरच न देणे हे पुनर्लेखन आहे. तिन्ही एकाच यादीत सारख्या अक्षरांत लिहिले, तर विद्यार्थी सोपे आधी करतो आणि अवघड राहून जाते. परीक्षकाने 'एकसूत्रता नाही' असे लिहिण्याऐवजी 'पृ. १४ वर तुलनेचे आश्वासन आहे, पृ. १९० ते २३२ मध्ये ती नाही' असे लिहिले, तर विद्यार्थ्याला मौखिकीत उत्तर देता येते आणि दुरुस्तीही करता येते.

सगळ्या प्रबंधांना हीच साखळी लागू करू नये. साहित्याच्या प्रबंधात एकेका लेखकावर एकेक प्रकरण असते, तिथे 'शिवाय' स्वाभाविक आहे. तिथे पाहायचे ते इतकेच की दुसऱ्या लेखकाबद्दल लिहिताना पहिल्याशी तुलना होते का, आणि निष्कर्षात सगळ्यांबद्दल मिळून असे काही म्हटले आहे का जे एकट्या कुणाबद्दल म्हणता आले नसते. प्रयोगशाळेतल्या विषयांत प्रकरणे स्वतंत्र प्रयोगांची असतात, आणि जोड बहुधा प्रस्तावनेतच ठेवलेली असते. तिथे संज्ञा आणि एकके सारखी आहेत का, हे जास्त काटेकोरपणे पाहावे.

शेवटी एक यांत्रिक काम उरते. क्रम बदलला, पाने कापली की 'प्रकरण ५ मध्ये', 'पृ. ११२ पाहा' असे हाताने टंकित केलेले सगळे उल्लेख चुकतात. वर्डमध्ये ते References मधल्या Cross-reference ने घातले, तर सगळा मजकूर Ctrl+A ने निवडून F9 दाबल्यावर क्रमांक आपोआप सुधारतात. तळटिपांतले उल्लेख मात्र यातून सुटतात, कारण Ctrl+A तळटिपांचा मजकूर निवडत नाही. तळटिपेत एकदा क्लिक करून तिथे हेच पुन्हा करावे लागते. ज्या उल्लेखाचे लक्ष्यच कापले गेले, तिथे पानावर 'Error! Reference source not found.' असे उमटते. बांधणीला देण्याआधी Error हा शब्द शोधून पाहा.